सात माणसांच्या दुकानातलं पत्र

तालुक्याच्या गावातलं एक कापडाचं दुकान डोळ्यासमोर आणा. काउंटरवर पाच सेल्समन, गल्ल्याजवळ वही सांभाळणारा एक हिशेबनीस, आणि गठ्ठे उचलणारा, झाडलोट करणारा एक मुलगा, अशी सात माणसं. हजेरी रोजची असते. आलं की दिवस भरला, नाही आलं की खाडा. सुट्टी मागून घ्यायची, उचल लागेल तशी न्यायची आणि दिवाळीला मालकाच्या मनात येईल ते पाकीट मिळायचं. अशा दुकानाच्या मालकाने ठरवलं की येत्या पहिल्या तारखेपासून ठरलेला मासिक पगार, आठवड्याची सुट्टी आणि सणाचा बोनस द्यायचा, आणि तसं पत्र सगळ्यांना द्यायचं. त्या पत्रात काय असायला हवं?

अशा दुकानात या पत्राला मोल असतं, कारण कायदा इथे अर्ध्यावरच थांबतो. महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा आठवड्याला सलग 24 तासांची सुट्टी, 8 नैमित्तिक रजा आणि 8 सणाच्या सुट्ट्या देतो. पण तो आला तेव्हा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होता. बोनसचा कायदा वीस कामगारांपासून लागू होतो. किमान वेतनातून मात्र सुटका नाही. एकच माणूस कामाला असला तरी सरकारने त्या कामासाठी आणि त्या भागासाठी ठरवलेल्या दरापेक्षा कमी पगार देता येत नाही. म्हणजे सात माणसांच्या दुकानात पगाराचा तळ कायद्याने ठरलेला, आणि त्यावरची सुट्टी व बोनस मालकाच्या शब्दावर. तो शब्द कागदावर आला तरच नोकराला त्याच्या जोरावर घर चालवता येतं. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी 1890 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी मिळाली. लहान दुकानांतल्या अनेकांपर्यंत ती अजून पोचलेली नाही, आणि मला ही गोष्ट फार लागते.

आधी पगाराचं पाहू, कारण सुट्टी टिकणार की नाही हे तिथेच ठरतं. समजा आजवर रोज 520 रुपये मिळत होते. महिन्याचे तीसही दिवस कामावर आलेला माणूस 15,600 घरी नेत होता. मालकाने आता आठवड्याला एक सुट्टी जाहीर केली आणि दर तोच ठेवला, तर 26 दिवसांचे 13,520 होतात. घरातून 2,080 रुपये गेले. घरभाडं, किराणा, मुलांची फी तेवढीच राहते. मग सेल्समन स्वतःच म्हणतो, 'शेठ, मला सुट्टी नको.' पुढे मालक सांगतो की सुट्टी दिली होती, पण माणसंच घेत नाहीत. बहुतेक ठिकाणी आठवड्याची सुट्टी अशीच मरते. म्हणून पत्रातलं पहिलं वाक्य साधारण असं हवं: 'आपला मासिक पगार 15,600 रुपये राहील. त्यात आठवड्याच्या सुट्टीच्या दिवसांचा पगार धरलेला आहे. महिना 28 दिवसांचा असो वा 31 दिवसांचा, रक्कम तीच.' यात मालकाच्या खिशातून जादा रोकड जात नाही, पण सात जणांच्या मिळून महिन्याला साधारण 28 दिवसांचं काम कमी होतं. हा खरा खर्च आहे. तो पत्र लिहिण्याआधी मालकाने पेलायचं ठरवलेलं असावं.

हा आकडा किमान वेतनापेक्षा कमी नाही ना, हेही आधीच तपासावं. दुकानांसाठी मूळ दर आणि त्यावरचा विशेष भत्ता असे दोन भाग असतात, आणि भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये बदलतो. आज पुरेसा असलेला पगार सहा महिन्यांनी कमी पडू शकतो. चालू दर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात मिळतो. पत्रात एक ओळ घालावी: 'शासनाचा दर वाढून आपल्या पगाराच्या वर गेल्यास त्या महिन्यापासून पगार वाढेल.'

यानंतरचा प्रश्न खाड्याचा. पगार मासिक झाला तरी माणूस आजारी पडतो, गावाला जातो. एका दिवसाचे किती कापायचे? 15,600 ला 30 ने भागलं तर 520, आणि 26 ने भागलं तर 600. दोन्ही पद्धती चालतात, पण एका पत्रात एकच चालावी. घोटाळा होतो तो असा: खाडा कापताना 600 कापायचे आणि सुट्टीच्या दिवशी बोलावलं तर 520 द्यायचे. दर दिवसामागे 80 रुपयांचा हा फरक लगीनसराईत कुणाच्या लक्षात येत नाही. वर्षअखेरीस मात्र आपल्याला कमी का पडलं हे नोकराला सांगता येत नाही, फक्त जाणवतं, आणि तिथून मनं दुरावतात. माझ्या मते 26 चा भागाकार बरा, कारण 26 दिवस कामाचे धरले की एका कामाच्या दिवसाची खरी किंमत तीच निघते. दोन खाडे झाले तर 1,200 कापून 14,400 हातात, हे सेल्समनला काउंटरवर उभ्या उभ्या काढता आलं पाहिजे.

आता सुट्टीचा दिवस. दुकान आठवड्यातून एक दिवस बंद राहत असेल तर प्रश्नच नाही. रोज उघडायचं असेल तर पाळी लावावी लागते. रविवार आणि आठवडी बाजाराचा दिवस हे गर्दीचे, तेव्हा सगळे हवेत. उरले पाच दिवस आणि माणसं सात. म्हणजे तीन दिवस एकेक जण सुट्टीवर आणि दोन दिवस दोघे दोघे. गल्ल्याचा माणूस आणि अनुभवी सेल्समन एकाच दिवशी नसतील एवढं पाहावं. पाळीचा तक्ता भिंतीवर लावावा आणि दिवस दर महिन्याला बदलू नये. बुधवार म्हणजे आपला, हे ठरलं तरच माणूस मुलाच्या शाळेत, दवाखान्यात किंवा बँकेत जाण्याचं ठरवू शकतो. सकाळी दुकानात आल्यावर 'आज तू घरी जा' असं ऐकायला मिळणं ही सुट्टी नव्हे.

दसरा-दिवाळीचे दिवस आणि लगीनसराईचा जोर यांत सुट्टी रद्द करावी लागणार, हे दोघांनाही माहीत असतं. ते लपवू नये. पत्रात तसं लिहून पुढे जोडावं: 'रद्द झालेली प्रत्येक सुट्टी वहीत नोंदवली जाईल आणि दोन महिन्यांच्या आत बदली सुट्टी मिळेल. ती मिळाली नाही तर एका दिवसाचा जादा पगार मिळेल.' दोन महिन्यांची मुदत मोठ्या आस्थापनांच्या कायद्यातही आहे. लहान दुकानानेही ती आपणहून घ्यावी. मुदत नसेल तर बदली सुट्ट्या साचतात, वीस-पंचवीस होतात, आणि शेवटी 'मागचं सोडून द्या' असं म्हटलं जातं.

आणि बोनस. एक महिन्याचा पगार बोनस म्हणून देण्याची चाल मनमानी नाही. बोनस कायद्याचा किमान दर 8.33 टक्के आहे, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा भाग, जवळपास एक पगार. आपल्या उदाहरणात वर्षाचे 1,87,200, त्याचा बारावा भाग 15,600. सातही जणांचा पगार सारखा धरला तर दिवाळीच्या तोंडावर 1,09,200 रुपये उभे करावे लागतील, तेही नेमके माल भरण्यात पैसा अडकलेला असताना. म्हणून दर महिन्याला 9,100 रुपये वेगळ्या खात्यात टाकावेत. बोनसचा शब्द मोडतो तो बहुधा मालकाची नियत फिरल्यामुळे नाही, ही बाजूला ठेवण्याची सवय नसल्यामुळे.

'दिवाळी ते दिवाळी' असं वर्ष धरण्यात एक अडचण आहे. दिवाळी इंग्रजी तारखेला बांधलेली नाही. 2024 मध्ये लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला होतं, 2025 मध्ये 21 ऑक्टोबरला आलं, आणि 2026 मध्ये अधिक महिन्यामुळे ते 8 नोव्हेंबरला आहे. म्हणजे एक वर्ष 354 दिवसांचं आणि पुढचं 383 दिवसांचं. मधेच लागलेल्या किंवा सोडून गेलेल्या माणसाचा हिशेब यात गुंततो. त्यापेक्षा पत्रात वर्ष 1 ऑक्टोबर ते 30 सप्टेंबर धरावं, भरलेल्या प्रत्येक महिन्यामागे बारावा भाग द्यावा, म्हणजे महिन्याला 1,300, आणि रक्कम धनत्रयोदशीच्या दहा दिवस आधी हातात पडावी. फराळाचं सामान आणि मुलांचे कपडे घेऊन झाल्यावर आलेला बोनस उधारी फेडण्यातच जातो. दुकानात मुसलमान सेल्समन असेल तर त्याला ईदच्या आधी बोनस घेण्याची मुभा लिहून द्यावी. ऑगस्टमध्ये काम सोडून गेलेल्यालाही त्याच्या अकरा महिन्यांचे 14,300 मिळतील, हेही स्पष्ट हवं. 'दिवाळीला हजर असेल त्यालाच' ही अट मला अन्यायाची वाटते. त्याने वर्षभर विक्री केलेली असते.

बोनस आणि खुशीचं पाकीट वेगळं ठेवावं. मालकाला मिठाई, साडी, वरून काही रक्कम द्यायची असेल तर जरूर द्यावी, पण ती बोनसमध्ये मोजू नये. वर्षानुवर्षं न चुकता, एकाच हिशेबाने दिलेला सणाचा बोनस हा कामाच्या अटींचाच भाग ठरू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 1959 मध्येच कलकत्त्याच्या इस्पहानी कंपनीच्या पूजा बोनसच्या प्रकरणात मान्य केलं होतं. नफा झाला तरच द्यायचा असेल, तर ते पहिल्याच पत्रात लिहावं आणि नफा कसा दाखवणार तेही सांगावं. दुकानाचा नफा नोकराला दिसत नाही, म्हणून मला ठरलेली रक्कमच सरळ वाटते.

सगळ्यात जास्त भांडणं मात्र उचलीवरून होतात. कुणाच्या अंगावर 10,000 ची उचल असते, आणि दिवाळीला बोनसच्या जागी 'तुझे वळते करून घेतले' एवढंच कानावर येतं. पत्राने हे थांबवावं: उचल महिन्याला 1,000 प्रमाणे पगारातून कापली जाईल, आणि बोनसमधून कापायची तर नोकराने स्वतः लिहून दिलं तरच. कुठल्याही महिन्यात सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत, हा कायद्याचाच नियम आहे. पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत द्यावा लागतो, हाही. दहा हजारांवर पगार असलेल्या पुरुषाचा व्यवसाय कर महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 कापला जाईल. बाईमाणसाला 25,000 पर्यंत तो नाही. हे आधी सांगितलं नाही तर पहिल्याच पगारात 'दोनशे कमी का?' असा प्रश्न येतो.

पत्र एकाच पानाचं असावं, मराठीत असावं, आणि काउंटरवर राजस्थान किंवा उत्तर प्रदेशातून आलेला मुलगा असेल तर त्याला हिंदीतही द्यावं. दुकान वाढवल्यावर सगळ्यांना बसवून वाचून दाखवावं. सामायिक अटी एका पानावर आणि प्रत्येकाचा स्वतःचा पगार, सुट्टीचा वार, शिल्लक उचल वेगळ्या चिठ्ठीवर, कारण एकाचा पगार दुसऱ्याला सांगायचा नसतो. खाली मालकाची सही, तारीख, दुकानाचा शिक्का. प्रत नोकराच्या हातात राहिली पाहिजे. गल्ल्यात कुलपात ठेवलेलं पत्र त्याच्या उपयोगाचं नाही. शेवटचं कलम बदलाचं: धंदा मंदावला तर अटी बदलाव्या लागतील, पण एक महिना आधी लेखी सांगून, आणि तोवर झालेल्या कामाचा पगार, बदली सुट्ट्या व बोनसचा बारावा भाग जुन्याच दराने देऊन.