कॉलरचे फुगे धुण्यात येत नाहीत

नवा शर्ट दोन-तीनदा धुतला की कॉलरवर बारीक फुगवटे दिसू लागतात. इस्त्री फिरवली की बसतात, पुढच्या धुण्यात परत वर येतात. घरात मग दोष साबणाला, वॉशिंग मशीनला, नाहीतर धोब्याला दिला जातो. खरं तर फुग्याची तयारी शर्ट शिवायच्या आधीच, कॉलरच्या कापडावर बक्रम चिकटवतानाच झालेली असते. पाणी ती फक्त उघडी पाडतं.

कॉलर ताठ राहते ती आतल्या बक्रममुळे. पूर्वी ते नुसतं टाक्यांनी धरून ठेवत, कडक मांड हवी असेल तर खळ घालत. आता बहुतेक शर्टांत चिकटं बक्रम असतं आणि ते लावण्याच्या कामाला शिंपी पेस्टिंग म्हणतात. या बक्रमच्या एका बाजूला डिंकाचे बारीक ठिपके असतात. बोट फिरवलं तर खरखर लागते, उजेडात तिरकं धरलं तर ते चमकतात. हा डिंक म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक. तापलं की वितळतं, दाबलं की कापडाच्या धाग्यांत शिरतं आणि थंड झालं की तिथेच घट्ट होतं.

बक्रमची निवड दोन गोष्टींवरून होते. पहिली गोष्ट त्याचं मूळ कापड. शर्टाच्या कॉलरला विणलेलं सुती कापड लागतं, कारण त्याला उभा-आडवा धागा असतो आणि ते कॉलरचा बाक नीट धरतं. कागदासारखं दिसणारं, न विणलेलं बक्रम स्वस्त असतं आणि ब्लाउजच्या गळ्याला किंवा कुर्त्याच्या पट्टीला ते चालून जातं. कॉलर मात्र रोज मानेवर दुमडते, घामाने भिजते, घासली जाते. तिथे ते लवकर मऊ पडतं. कोटासाठी जाळीदार, लवचीक प्रकार असतात, पण इथे त्यांचं काम नाही.

दुसरी गोष्ट डिंक. ही दिसत नाही म्हणूनच हिच्यात फसगत होते. कॉलरच्या चांगल्या बक्रमवर बहुधा उच्च घनतेच्या पॉलिथिनचे ठिपके असतात. हे पॉलिथिन साधारण १३० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, त्यामुळे गरम पाण्याच्या धुण्याला दाद देत नाही. पण वितळल्यावरही ते दाट राहतं, आपणहून पसरत नाही. त्याला धाग्यांत ढकलावं लागतं. म्हणून ते चिकटवायला कारखान्यात ढोबळमानाने १६० ते १७५ अंश तापमान, दर चौरस सेंटिमीटरला दोन-तीन किलो दाब आणि पंधरा सेकंदांच्या आसपास वेळ देतात. नेमके आकडे बक्रम बनवणारा देतो आणि तेच पाळायचे असतात. कमी तापमानाला सहज वितळणारे डिंकही मिळतात. ते लावायला सोपे, पण त्यातले बरेचसे कॉलरच्या धुण्याला पुरत नाहीत.

आता हेच बक्रम घरी किंवा छोट्या दुकानात इस्त्रीने लावलं तर काय होतं, ते हिशेबाने पाहू. इस्त्रीचा तळ सुमारे दोनशे चौरस सेंटिमीटर धरा. हातावर अंग टाकून दहा किलो भार दिला, तरी दर चौरस सेंटिमीटरला फक्त पन्नास ग्रॅम येतात. म्हणजे लागतो त्याच्या फार तर चाळिसावा भाग. उष्णता पुरेशी आहे, डिंक वितळलाही आहे, पण तो कापडाच्या वरवर बसलेला आहे. कॉलर सपाट दिसते, हाताला कडक लागते, ट्रायलला शंका येत नाही. पहिल्या धुण्यात पाणी धाग्यांत शिरतं, कापड फुगतं, चोळताना दुमडतं आणि वरवरची पकड जागोजागी सुटते. सुटलेली जागा म्हणजे फुगा. त्यात इस्त्री सरकवत फिरवली असेल तर कुठे पकड चांगली, कुठे नाहीच. इस्त्रीच वापरायची असेल तर ती उचलून ठेवायची, दाबून धरायची, मग पुढच्या जागी ठेवायची. तरीही कॉलरच्या जाड बक्रमसाठी ती कमीच पडते. मोठ्या शिंप्यांच्या ओळखीत फ्युजिंग मशीनवाला असतो, त्याच्याकडून पेस्टिंग करून आणणं हाच खरा मार्ग.

मशीन आहे म्हणजे काळजी मिटली, असंही नाही. पडद्यावर दिसणारं तापमान पाट्याचं असतं, डिंकाचं नव्हे. उष्णतेला कापडाचा थर ओलांडून आत पोचायला वेळ लागतो. म्हणून जाणकार कारागीर कापड आणि बक्रम यांच्यामध्ये रंग बदलणारी तापमानाची कागदी पट्टी ठेवून आतली उष्णता तपासतात. दाबाचं रबरी रूळ एका बाजूने झिजलं असेल तर कॉलरच्या ठरावीक टोकालाच फुगे येत राहतात. आणि पकड कच्ची म्हणून उष्णता भरमसाट वाढवली तर डिंक अति पातळ होऊन कापडात मुरतो. वरच्या बाजूला ठिपके उमटतात, दोन थरांमध्ये धरायला काही उरत नाही, फुगे येतातच. गरम कॉलर लगेच उचलून वाकवणं हाही तितकाच नडणारा प्रकार, कारण डिंक अजून घट्ट झालेला नसतो.

पकड उत्तम असूनही फुगे येण्याचं आणखी एक कारण आहे, आणि माझ्या मते सर्वांत जास्त दुर्लक्ष त्याच्याकडेच होतं. ते म्हणजे आटणं. समजा कॉलर ४० सेंटिमीटर लांब आहे. आतलं बक्रम दोन टक्के आटलं तर ८ मिलिमीटर कमी झालं. वरचं पॉलिएस्टर-मिश्र कापड अर्धा टक्काच आटलं, म्हणजे २ मिलिमीटर. उरलेलं ६ मिलिमीटर कापड जाणार कुठे? ते वर उचललं जातं आणि कॉलरभर बारीक लाटा उठतात. उलट वरचं कापड जास्त आटलं तर कॉलर वळते किंवा आतून चुरगळते.

दोन कारणं ओळखायची एक सोपी रीत आहे. फुग्यावर ओलसर फडकं ठेवून इस्त्री न सरकवता दाबून धरा, पूर्ण थंड होऊ द्या. फुगा सपाट बसला आणि पुन्हा भिजवल्यावर तिथेच सुटला, तर पकड कच्ची होती. दाबल्यावर फुग्याच्या जागी घडी पडली, किंवा तो शेजारी सरकला, तर कापड जास्तीचं आहे आणि ती आटण्याची करामत आहे. पहिल्या प्रकारात मशीनवर पुन्हा दाबून कधी कधी काम भागतं. दुसऱ्यात नवी कॉलर लावण्यावाचून गत्यंतर नाही.

शिवायच्या आधी तपासायचं असेल तर शर्टाच्या कापडाचा हातभर तुकडा घ्या, त्यावर बक्रम लावा, एक कोपरा न चिकटवता सोडा आणि २५ सेंटिमीटरचा चौकोन आखा. थंड झाल्यावर सुटा कोपरा धरून थोडं ओढा. ठिपके बक्रमवर जसेच्या तसे गोल, चमकदार राहिले असतील तर डिंक शिरलाच नव्हता. ठिपके तुटले आणि त्यांना कापडाचे तंतू चिकटून आले तर पकड बसली. मग उरलेला तुकडा घरच्यासारखाच तीन-चारदा धुवा आणि चौकोन पुन्हा मोजा. पाणी न धरणारं किंवा फार गुळगुळीत केलेलं कापड असेल तर ही चाचणी वगळू नका. त्यावरच्या थरामुळे डिंकाला धागाच सापडत नाही, मग तापमान आणि दाब कितीही बरोबर असोत.