५५ रुपयांचे साडेतीन कोटी

अकरावी वाणिज्यच्या वर्कशीटवर व्याजाचा प्रश्न बहुधा असा असतो. मुद्दल १०,००० रुपये, दर द.सा.द.शे. १०, मुदत २ वर्षे. (अ) सरळव्याज काढा. (आ) वार्षिक चक्रवाढीने व्याज काढा. (इ) सहामाही चक्रवाढीने व्याज काढून (आ)शी तुलना करा. उत्तरे येतात २,००० रुपये, २,१०० रुपये आणि २,१५५ रुपये ६ पैसे. ‘सहामाहीत ५५ रुपये ६ पैसे जास्त’ असे लिहिले की गुण पदरात पडतात आणि वर्ग पुढच्या प्रकरणाकडे वळतो.

याच प्रश्नातली मुदत तेवढी खोडून १०० वर्षे केली, तर ५५ रुपयांच्या जागी ३ कोटी ५१ लाख रुपये येतात. मुद्दल तेच आणि दरही तोच.

हे कसे होते ते पाहायला आधी दोन वर्षांचीच उकल नीट मांडू. सरळव्याजात दोन्ही वर्षी व्याज मुद्दलावरच लागते, म्हणून १,००० आणि १,०००. वार्षिक चक्रवाढीत पहिल्या वर्षाचे १,००० रुपये मुद्दलात मिळतात, दुसऱ्या वर्षी व्याज ११,००० वर लागते आणि ते १,१०० होते. जास्तीचे १०० रुपये म्हणजे पहिल्या वर्षाच्या व्याजावरचे व्याज. सहामाहीत दर निम्मा, म्हणजे ५ टक्के, आणि हप्ते दुप्पट, म्हणजे चार. चार सहामाहींचे व्याज अनुक्रमे ५००, ५२५, ५५१.२५ आणि ५७८.८१ रुपये. सूत्रात मांडायचे तर:

वार्षिक रास = १०,००० × (१.१०)² = १२,१०० रुपये
सहामाही रास = १०,००० × (१.०५)⁴ = १२,१५५.०६ रुपये

चुका इथे दोनच प्रकारच्या होतात, पण वर्षानुवर्षे त्याच. कोणी दर निम्मा करतो आणि हप्ते दोनच ठेवतो. मग रास ११,०२५ येते, जी खरे तर एकाच वर्षाची रास आहे. कोणी हप्ते चार करतो आणि दर १० टक्केच ठेवतो; मग रास १४,६४१ वर जाते. दोन्ही चुका गणित पुन्हा न करता पकडता येतात. दर आणि मुदत तीच असताना सहामाहीची रास वार्षिक राशीपेक्षा कधीच कमी येत नाही, आणि अशा छोट्या मुदतीत ती थोडीशीच जास्त असते. ११,०२५ कमी आहे, १४,६४१ फारच जास्त आहे. दोन्ही उत्तरांवर काट मारायला एवढे पुरे.

या ‘थोडीशी’चे माप काढता येते. १० टक्के दराने सहामाही चक्रवाढ म्हणजे एका वर्षात १.०५ × १.०५ = १.१०२५, म्हणजे वार्षिक चक्रवाढीचा १०.२५ टक्के दर. सहामाहीची सगळी करामत या पाव टक्क्यात आहे. उत्तरांच्या कागदावर ही ओळ सहसा नसते. माझ्या मते ती सूत्राच्याही आधी यायला हवी, कारण पुढचे सगळे आकडे तिच्यातूनच निघतात.

आता मुदत वाढवू. १० वर्षांनी वार्षिक रास २५,९३७ रुपये होते आणि सहामाही रास २६,५३३. फरक सुमारे ६०० रुपयांचा, अजूनही डोळ्यांत न भरणारा. ५० वर्षांनी सरळव्याजाची रास ६०,००० रुपये असते. वार्षिक चक्रवाढीची ११ लाख ७४ हजार आणि सहामाहीची १३ लाख १५ हजार. दोन चक्रवाढींमधला फरकच १ लाख ४१ हजारांचा झाला, सरळव्याजाच्या अख्ख्या राशीच्या दुपटीहून जास्त. १०० वर्षांनी सरळव्याज बिचारे १ लाख १० हजारांवर असते, वार्षिक चक्रवाढ १३ कोटी ७८ लाखांवर आणि सहामाही १७ कोटी २९ लाखांवर. दहा हजारांवर पाव टक्का म्हणजे वर्षाला पंचवीस रुपये. शंभर वर्षांत त्याच पाव टक्क्याने साडेतीन कोटी जमवले.

मग तिमाही, मासिक, रोजची चक्रवाढ केली तर रास आभाळाला भिडेल का? नाही. हप्ते कितीही बारीक केले, अगदी क्षणाक्षणाला व्याज मुद्दलात घातले, तरी १० टक्के दराने शंभर वर्षांत ही रास २२ कोटी ३ लाखांच्या पुढे जात नाही. त्या टोकाला वार्षिक दर १०.५२ टक्क्यांच्या जवळ येऊन थांबतो. हप्ते वाढवण्याचा लाभ असा मर्यादित आहे; मुदत वाढवण्याच्या लाभाला अशी मर्यादा नाही.

सहामाहीची शंभर वर्षे म्हणजे १.०५ ने दोनशे वेळा गुणणे. वार्षिक ५ टक्क्यांनी दोनशे वर्षे व्याज लावले तरी हेच गणित होते, आणि एका माणसाने ते आपल्या मृत्युपत्रात खरोखर मांडले होते. बेंजामिन फ्रँकलिन १७९० साली वारले. त्यांनी बॉस्टन आणि फिलाडेल्फिया या शहरांना प्रत्येकी १,००० पौंड ठेवले. ते २५ वर्षांखालच्या विवाहित कारागिरांना ५ टक्क्यांनी कर्जाऊ द्यायचे, कारागिरांनी दरवर्षी मुद्दलाचा दहावा भाग व्याजासह फेडायचा आणि आलेला पैसा पुन्हा कर्जाऊ जायचा. फ्रँकलिन यांच्या हिशेबाने शंभर वर्षांत १,००० चे १,३१,००० पौंड व्हायला हवे होते. १.०५ चा शंभरावा घात १३१.५ येतो, म्हणजे हिशेब चोख होता. त्यातले एक लाख लोकोपयोगी कामांवर खर्चून उरलेले ३१,००० पुढची शंभर वर्षे फिरवायचे. शेवटी ४०,६१,००० पौंड. मधे खर्च केलाच नसता तर हेच गणित १ कोटी ७३ लाख पौंडांवर पोहोचते.

प्रत्यक्षात १९९० साली बॉस्टनच्या निधीत सुमारे ५० लाख डॉलर निघाले आणि फिलाडेल्फियाच्या निधीत २० लाखांच्या आसपास. डॉलर पौंडाहून लहान असल्याने बॉस्टनचा आकडाही त्या हिशेबाहून कमीच पडतो. कारण सूत्रात नव्हते, व्यवहारात होते. उमेदवारी करून धंदा शिकणारे कारागीर कमी होत गेले, काही कर्जे बुडाली आणि काही काळ पैसा कर्जाऊ न जाता पडून राहिला. परत आलेले व्याज ज्या दिवशी पुन्हा कामाला लागत नाही, त्या दिवशी चक्रवाढ थांबते. आपल्या वर्कशीटवरच्या (१.०५)⁴ मध्येही हीच अट लपलेली आहे: चारही सहामाहींत व्याज उचलायचे नाही आणि दर बदलायचा नाही. दर सहामाहीला व्याज काढून घेतले, तर चक्रवाढीचा हिशेब उरत नाही. चार वेळा ५०० रुपये हातात येतात, बस्स.

वाणिज्य शिकवणाऱ्यांना म्हणूनच एक विनंती आहे. या प्रश्नाखाली (ई) हा एक उपप्रश्न जोडा: मुदत ५० वर्षे धरून तिन्ही राशी काढा. गणकयंत्र वापरू द्या, पण १०.२५ टक्क्यांची ओळ मात्र हाताने लिहून घ्या.