मधलं सगळं कटतं

१६७२ साली पॅरिसमध्ये ख्रिस्तिआन हायगेन्स यांनी लाइबनित्सला एक गणित घातलं. लाइबनित्स तेव्हा २६ वर्षांचा, शिक्षण कायद्याचं. त्रिकोणी संख्या १, ३, ६, १०, १५ अशा वाढत जातात. त्यांना छेदात ठेवून १ + १/३ + १/६ + १/१० + … अशी बेरीज कधीच न थांबता करत राहिलो, तर ती कुठे जाईल?

नुसतं मिळवत बसलं तर दहा पदांनंतर १.८२ येतात, शंभर पदांनंतर १.९८. उत्तर २ असावं असा वास येतो, पण वास म्हणजे सिद्धता नव्हे.

या श्रेढीचं n वं पद २/(n(n+१)) आहे. छेदात दोन संख्यांचा गुणाकार दिसला की त्या अपूर्णांकाचे दोन तुकडे पाडून बघावेत. शाळेत आपण छेद समान करून अपूर्णांक एकत्र करतो. इथे तेच उलट करायचं. १/(n(n+१)) = A/n + B/(n+१) असं मानून छेद काढून टाकले की १ = A(n+१) + Bn उरतं. n च्या जागी ० ठेवलं की A = १, आणि −१ ठेवलं की B = −१. म्हणजे १/(n(n+१)) = १/n − १/(n+१).

आता पदं ओळीने लिहू: (१ − १/२) + (१/२ − १/३) + (१/३ − १/४) + … प्रत्येक पदाची वजाबाकी पुढच्या पदाची सुरुवात खाऊन टाकते. N पदांनंतर उरतं १ − १/(N+१), आणि बाहेरच्या २ ने गुणलं की २ − २/(N+१). N वाढेल तसा शेवटचा तुकडा शून्याकडे जातो, म्हणून उत्तर नेमकं २. बोलोन्याच्या पिएत्रो मेंगोली यांनी ही बेरीज १६५० सालीच छापली होती.

एक मात्र जपावं. आधी सगळे अधिक तुकडे आणि मग सगळे उणे अशी वेगळी बेरीज करायला जाऊ नये. दोन्ही बेरजा अनंतापर्यंत वाढतात आणि हाती काहीच लागत नाही. आधी N पदांवर थांबायचं, कटाकटी करायची, मगच N वाढवायचा.

विद्यार्थी हमखास फसतात ते १/(n(n+२)) मध्ये. तुकडे पडतात ½(१/n − १/(n+२)), पण इथे वजाबाकी एक पद सोडून पुढच्याला खाते. त्यामुळे सुरुवातीला १ आणि १/२ असे दोघे वाचतात आणि बेरीज ३/४ होते. घाईत फक्त १ धरला तर उत्तर ½ येतं. चूक पकडायला पहिली तीन पदं पुरतात: १/३ + १/८ + १/१५ = ०.५२५. बेरीज तिथेच अर्ध्याच्या पुढे गेली!

छेदातल्या दोन संख्यांत अंतरच नसेल, म्हणजे पद १/n² असेल, तर तुकडे पाडायला जागाच राहत नाही. १ + १/४ + १/९ + … किती, हा प्रश्न मेंगोलींनीच विचारला होता आणि तो त्यांना सुटला नाही. ऑयलर यांनी १७३० च्या दशकात वेगळ्याच वाटेने उत्तर काढलं: π²/६.