दरजांचा हिशेब

विटांची किंवा दगडांची भिंत गिलावा न करता उघडी ठेवायची, तर तिच्या दरजा भरून घ्याव्या लागतात. बांधकामावर याला ‘पॉइंटिंग’ म्हणतात. घरमालक विचारतो, ‘एका चौरस मीटरला सिमेंट किती लागेल?’ गवंडी अंदाजाने आकडा सांगतो. पण हा हिशेब घरबसल्या कुणालाही करता येतो, आणि पुढे तोच कामाची तपासणीही करून देतो.

दरज म्हणजे एक लांबट खाच. तिला लांबी, रुंदी आणि खोली असते. या तिन्हींचा गुणाकार केला की आत बसणारा माल कळतो. आपल्याकडची नेहमीची 9 × 4 × 3 इंची वीट लांब बाजू दर्शनी ठेवून 12 मिलिमीटरच्या दरजा सोडून रचली, तर एका मीटर उंचीत साधारण साडेअकरा थर येतात. म्हणजे आडव्या दरजा साडेअकरा मीटर झाल्या. उभ्या दरजा साडेतीन मीटरच्या आसपास भरतात. एकूण 15 मीटर. दरज 15 मिलिमीटर खोल उकरलेली असेल, तर तिच्यात 2.7 लिटर माल बसतो. सांडणारा आणि वाया जाणारा पाचवा हिस्सा धरून सव्वातीन लिटर म्हणू.

कोरडी वाळू आणि सिमेंट पाण्यात कालवल्यावर आकसतात, कारण सिमेंट वाळूच्या कणांमधल्या पोकळीत शिरते. म्हणून कोरडा माल सुमारे तीस टक्के जास्त, म्हणजे सव्वाचार लिटर घ्यावा लागतो. दरजांसाठी एकास तीन हे प्रमाण नेहमीचे. त्याप्रमाणे एक लिटरभर, म्हणजे दीड किलो सिमेंट आणि 3.2 लिटर बारीक चाळलेली वाळू, हा एका चौरस मीटरचा खर्च. भिंतीत विटेची आखूड बाजूही दर्शनी येत असेल, तर उभ्या दरजा वाढतात आणि माल थोडा जास्त लागतो.

दगडाला असा ठरीव आकडा नाही. घडीव दगडाच्या सरळ थरांत दरजांची लांबी कमी असते. अनघड दगडांच्या भिंतीत मात्र त्या वेड्यावाकड्या आणि रुंद असतात. तिथे भिंतीवर खडूने एक मीटरचा चौकोन आखावा, दोरी दरजांवरून फिरवून लांबी मोजावी, दहा ठिकाणी रुंदी आणि खिळा घालून खोली पाहावी. समजा लांबी 12 मीटर, सरासरी रुंदी 25 आणि खोली 20 मिलिमीटर आली, तर सहा लिटर जागा भरायची आहे. वाया जाणारा माल धरून साडेतीन किलोपर्यंत सिमेंट आणि सात लिटर वाळू लागेल, म्हणजे विटेच्या दुपटीहून अधिक. दरज दगडाच्या पुढे उठावदार काढायची असेल, तर तो माल वेगळा धरावा.

आता तपासणीचे पाहू. 12 मीटर लांब आणि 1.8 मीटर उंच कुंपणाची विटांची भिंत एका बाजूने 21.6 चौरस मीटर होते. तिला 32 किलो सिमेंट आणि 70 लिटर वाळू लागायला हवी. काम संपले आणि सिमेंट फक्त 12 किलो खर्ची पडले, तर दरजा 15 नव्हे, जेमतेम साडेपाच मिलिमीटर भरल्या आहेत. रेष बाहेरून सुबक दिसते, पण एवढा पातळ थर एक-दोन पावसाळ्यांत सुटू लागतो. खिळ्याच्या टोकाने हलके ठोकले की पोकळ आवाज येतो, कडेला बारीक फट दिसते. उलट खर्च दुप्पट झाला असेल, तर माल विटांच्या तोंडावर फासला गेला आहे किंवा घट्ट होऊन फेकला गेला आहे.

म्हणून दरजा बांधकामाचा माल ओला असतानाच, त्याच दिवशी उकराव्यात. भरण्याआधी ब्रशने धूळ काढून भिंत भिजवावी, नाहीतर कोरडी वीट मालातले पाणी शोषून घेते. पाणी घातल्यावर अर्ध्या तासात संपेल एवढाच माल कालवावा, तो बारीक थापीने आतपर्यंत दाबून भरावा आणि नंतर सात दिवस पाणी मारावे.

हा हिशेब सिमेंटच्या भिंतींचा आहे. चुन्यात बांधलेल्या जुन्या वाड्याच्या भिंतीत तो वापरू नये. सिमेंट चुन्यापेक्षा कडक आणि कमी सच्छिद्र असल्याने भिंतीतली ओल दरजेतून बाहेर पडत नाही. ती विटेतून वाट काढते आणि विटांची तोंडे झडू लागतात. तिथे दरजा चुन्यानेच भराव्यात.

काम सुरू होण्याआधी खिळा घालून दरजेची खोली पाहा, आणि संपल्यावर गोणीत उरलेले सिमेंट तोलून घ्या.