गोळीचे नाव तेच राहिले

सप्टेंबर 2025 पासून मध्य प्रदेशातील छिंदवाड्याची मुले मूत्रपिंडे निकामी होऊन दगावू लागली आणि त्यांतली कित्येक नागपूरच्या रुग्णालयांत शेवटच्या क्षणांशी झुंजली, तेव्हा सगळी चर्चा बाटलीतल्या विषाची झाली. ते साहजिकही होते. त्या मुलांना दिलेल्या, तमिळनाडूत तयार झालेल्या 'कोल्ड्रिफ' या खोकल्याच्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक द्रावक तब्बल 48.6 टक्के निघाले. चालणारी मर्यादा 0.1 टक्का आहे. 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच रसायनाने भेसळलेल्या ग्लिसरीनमुळे 14 जण गेले होते आणि त्यावर लेंटिन आयोग बसला होता, याची आठवण तेव्हा फार थोड्यांना झाली. पण त्या गदारोळात एक साधा प्रश्न विचारायचा राहून गेला. बाटली शुद्ध असती, तरी ती त्या मुलांना द्यायला हवी होती का? लेबलावर पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन अशी तीन नावे होती. यांतल्या शेवटच्या दोहोंचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, तसे लेबलावर छापावे, असे केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्येच कळवले होते. म्हणजे विष आत शिरण्याआधीच चुकीची निवड झालेली होती. ती का झाली हे शोधायचे तर 2011 ते 2020 या दशकाकडे वळावे लागते. सर्दी-खोकल्याचे औषध निवडून घ्यायची सवय आपल्याला त्या दशकात लागू शकली असती.

त्याआधीच्या वर्षांवर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. बहुतेक घरांत एक ठरलेली 'सर्दीची गोळी' असे, खोकल्याची एक चिकट बाटली असे, आणि आत काय आहे हे वाचायची पद्धत नव्हती. त्या गोळीत नाक मोकळे करणारे म्हणून बहुधा फेनिलप्रोपॅनोलामाइन असायचे. नाकाच्या आतल्या सुजलेल्या रक्तवाहिन्या ते आकसवत असे, त्यामुळे चोंदलेले नाक खरोखर सुटे. पण ते नाकापुरते थांबत नसे. अंगातल्या इतर रक्तवाहिन्याही ते आवळते आणि रक्तदाब चढवते. मेंदूतील रक्तस्रावाशी त्याचा संबंध दाखवणारा अमेरिकेतील येल विद्यापीठाचा अभ्यास 2000 साली आला आणि तिथे ते बाजारातून गेले. आपल्याकडे त्यावरची बंदी फेब्रुवारी 2011 मध्ये आली. उशिरा आली, पण बरोबर आली.

तिथूनच खरी गफलत सुरू झाली. बंदीनंतर गोळ्यांतून फेनिलप्रोपॅनोलामाइन गेले आणि ती जागा बहुतेक ठिकाणी फेनिलेफ्रिनने घेतली. बाहेरचे नाव, रंग, पाकीट, जाहिरात सगळे तसेच राहिले. घटक बदलला की गिऱ्हाइकाला नव्याने काही सांगावे लागते, ही कल्पनाच कुणाला शिवली नाही. अमेरिकेत हीच अदलाबदल वेगळ्या कारणाने झाली होती. स्यूडोएफेड्रिनपासून नशेचे मेथॅम्फेटामाइन बनवतात म्हणून 2006 पासून ते तिथे काउंटरमागे गेले आणि समोरच्या फळीवर फेनिलेफ्रिन आले. ते घेतल्यावर नाक मोकळे होते का, हा प्रश्न फ्लोरिडा विद्यापीठातील दोन औषधतज्ज्ञांनी 2006 सालीच लेखी मांडला होता. त्यांचे म्हणणे समजायला सोपे आहे. नाकात थेंब किंवा फवारा म्हणून मारले तर फेनिलेफ्रिन सुजेला थेट भिडते आणि काम करते. तेच गोळीतून पोटात गेले की आतड्याच्या भिंतीतच त्याची मोडतोड होते. जुन्या पुस्तकांत त्याचे 38 टक्के रक्तात पोचते असे छापलेले असे. त्या आकड्यात निकामी झालेले तुकडेही धरलेले होते. कामाचे औषध पोचते ते एक टक्क्याहूनही कमी. सप्टेंबर 2023 मध्ये अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने सोळा विरुद्ध शून्य मतांनी सांगितले की तोंडाने घेतलेले फेनिलेफ्रिन नेहमीच्या मात्रेत नाक मोकळे करत नाही, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये ते काढून टाकण्याचा प्रस्ताव आला. आपण ज्या दशकात सुटकेचा निःश्वास सोडला, त्या दशकात एका धोकादायक औषधाच्या जागी एक निरुपयोगी औषध बसवून घेतले होते.

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे, 'पण मला त्या गोळीने बरे वाटते.' वाटत असेलही, कारण गोळीत ते एकटे नसते. पॅरासिटामॉल अंगदुखी आणि ताप उतरवते, कॅफिन असेल तर तरतरी येते, आणि क्लोरफेनिरामाइन नाकातले पाणी थोडे आटवून गुंगी आणते. शिवाय साधी सर्दी सात ते दहा दिवसांत आपली आपण बरी होत असतेच. या मिश्रणांनी मोठ्या माणसांना थोडाबहुत आराम पडतो, हे चाचण्यांतही दिसले आहे. ते नाकारण्यात प्रामाणिकपणा नाही. मुद्दा एवढाच, की आराम देणारा घटक कोणता आणि उगाच सोबत आलेला कोणता, हे मिश्रणात ओळखता येत नाही. म्हणून त्रास कुठला आहे ते आधी पाहावे. नाक गच्च चोंदले असेल तर त्याचे उत्तर नाकातच आहे. झायलोमेटाझोलिनचे थेंब काही मिनिटांत वाट मोकळी करतात. त्यांची मेख वेगळी आहे. तीन ते पाच दिवसांपलीकडे ते चालू ठेवले, तर थेंबांचा असर उतरताच रक्तवाहिन्या आधीपेक्षा जास्त फुगतात, नाक पुन्हा बंद होते, माणूस पुन्हा थेंब घालतो. सर्दी केव्हाच गेलेली असते, पण उशाशी बाटली असल्याशिवाय झोप येत नाही. दोन थेंबांमधले अंतर दिवसेंदिवस कमी होत चालले, तर ही सर्दी औषधाचीच आहे असे समजावे.

नाक चोंदलेले नाही, गळते आहे, शिंका थांबत नाहीत, अशा वेळी लोक सरसकट ॲलर्जीची गोळी घेतात. इथे एक बारीक फरक आहे. धुळीच्या किंवा परागकणांच्या त्रासात हिस्टामिन हे रसायन मुख्य असते, म्हणून सेटिरिझिनसारखी नवी, कमी गुंगीची औषधे तिथे चांगली चालतात. विषाणूंच्या सर्दीत हिस्टामिनचा वाटा किरकोळ असतो. तिथे नवी औषधे जवळपास काहीच करत नाहीत. क्लोरफेनिरामाइनसारखी जुनी औषधे जो काही फरक पाडतात, तो पाणी सुकवण्याच्या त्यांच्या दुसऱ्या गुणाने, आणि तोही पहिल्या दोनेक दिवसांपुरता. डोळे खाजणे, ताप नसणे, ठरावीक ऋतूत किंवा झाडलोट करताना आठवडेच्या आठवडे शिंका येणे ही ॲलर्जीची खूण. घसा धरून दोन-तीन दिवसांत नाक वाहू लागणे ही सर्दीची. सुकवण्याचा तो गुण फक्त नाकाशी थांबत नाही हेही लक्षात ठेवावे लागते. तोंड कोरडे पडते, वाढलेल्या प्रोस्टेटच्या पुरुषाची लघवी अडते, काचबिंदूच्या काही प्रकारांत डोळ्यातला दाब वाढतो, वयस्कर माणूस गोंधळतो. गुंगीत गाडी चालवू नये आणि वर दारू घेऊ नये, हे तर आलेच.

खोकल्याच्या बाटल्यांचा गोंधळ याहून मोठा. घसा खवखवून उठणारी कोरडी ढास, जिच्यामुळे रात्रभर झोप नाही, ती दाबायला डेक्स्ट्रोमेथॉर्फन आहे. पुरावा माफकच आहे, पण प्रौढ माणसाने एक-दोन रात्री घ्यायला हरकत नसावी. नैराश्यावरची सर्ट्रालिन किंवा एस्सिटॅलोप्रामसारखी औषधे चालू असतील तर मात्र ते टाळावे. दोन्ही मिळून शरीरातले सेरोटोनिन धोकादायक पातळीला नेऊ शकतात. छातीत कफ घरघरत असेल तर खोकला दाबणे म्हणजे झाडूवाल्याला सुट्टी देणे. तरीही कफ सुटा करणारे आणि खोकला दाबणारे औषध एकाच बाटलीत वर्षानुवर्षे विकले गेले.

या दशकाचा हिशेब सरकारच्या बाजूनेही मांडायला हवा, कारण प्रयत्न झाला नाही असे नाही. मार्च 2016 मध्ये 344 मिश्र औषधांवर बंदी आली. डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण पुन्हा तपासायला पाठवले, आणि सप्टेंबर 2018 मध्ये 328 मिश्रणांवर बंदी परत आली. जून 2023 मध्ये आणखी 14 गेली. त्यांत पॅरासिटामॉल, ब्रोमहेक्सिन, फेनिलेफ्रिन, क्लोरफेनिरामाइन आणि ग्वायफेनेसिन असे पाच घटकांचे एक मिश्रणही होते. ग्वायफेनेसिन आणि ब्रोमहेक्सिन कफ पातळ करणार, आणि त्याच घोटात क्लोरफेनिरामाइन तो सुकवणार! उत्पादकांचा दावा असा, की गरीब माणसाला चार औषधे परवडत नाहीत, एकात सगळे मिळाले तर काय बिघडले? पण त्या गरीब माणसाला चारांपैकी तीन लागतच नाहीत. सुट्या पॅरासिटामॉलची स्ट्रिप मिश्र गोळीपेक्षा महाग नसते. आणि मिश्र गोळीवर तापासाठी वेगळी पॅरासिटामॉल घेतली की एकच औषध दुप्पट होते, हे अनेकांच्या ध्यानातही येत नाही; दिवसाची चार ग्रॅमची कमाल मर्यादा अशानेच ओलांडली जाते आणि ते यकृताला भोवते. माझी तक्रार बंदीबद्दल नाही. नावे यादीतून कापली गेली, पण त्रास पाहून एकच औषध मागायची रीत मेडिकलच्या काउंटरवर कुणी शिकवली नाही.

साठीचा एक गृहस्थ डोळ्यांसमोर आणू. रक्तदाबासाठी रामिप्रिल चालू, प्रोस्टेट वाढलेले, कालपासून नाक बंद, अंग मोडून आलेले, आणि तीन महिन्यांपासूनची एक कोरडी ढास जी त्याने सर्दीच्या खात्यात टाकली आहे. दुकानदार नेहमीची मिश्र गोळी पुढे करतो. तिच्यातले फेनिलेफ्रिन नाक उघडणार नाही आणि रक्तदाबाच्या रुग्णाला ते टाळायला सांगतात. क्लोरफेनिरामाइन लघवी अडवू शकते. उपयोगाचे उरले फक्त पॅरासिटामॉल, तेवढे सुटे घ्यावे. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, आणि रक्तदाब ताब्यात असेल तर डॉक्टरांना विचारून दोन-तीन रात्री झायलोमेटाझोलिन. ती जुनी ढास मात्र कुठल्याच बाटलीने जायची नाही. रामिप्रिलच्या गटातली औषधे काही जणांना असा खोकला देतात. डॉक्टरांनी गोळी बदलून टेल्मिसार्टनसारखे औषध दिले की तो बहुधा काही आठवड्यांत थांबतो. पण त्याआधी थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे हवा, कारण दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला आपल्या देशात क्षयासाठी तपासायचाच असतो.