बिनपट्ट्याच्या बॉडिसची स्थिरता : वरची कड, बोनिंग व ग्रिप इलॅस्टिक

प्रस्तावना : नवी मुंबईत विवाहाच्या स्वागत समारंभासाठी बिनपट्ट्याचा गाऊन शिवून घेतला जातो. तो खाली सरकू लागला की वरच्या कडेस अधिक घट्ट इलॅस्टिक लावले जाते. वस्तुतः गाऊनचा भार कडेने नव्हे, तर कमरेने पेलावयाचा असतो. प्रस्तुत लेखात हे तत्त्व एका उदाहरणाद्वारे स्पष्ट केले आहे.

वरच्या कडेचा आकार : छातीघेर ९० सें.मी., छातीच्या वरचा घेर ८४ सें.मी. व कंबरघेर ७२ सें.मी. असे माप गृहीत धरू. छातीवरील सैलपणा काढून टाकल्यानंतरही कागदी नमुन्याची वरची कड ८६ सें.मी. भरते. छातीच्या उंचवट्यावर शरीर आत वळत असल्याने ही कड पुढे उघडी पडते. ती ८२ सें.मी. करण्यासाठी पुढील दोन्ही प्रिन्सेस शिलाईंतून दीड-दीड व दोन्ही बाजूंच्या शिलाईंतून अर्धा-अर्धा सें.मी. कमी करावा. ही घट छातीच्या उंचवट्याकडे निमुळती होत शून्यावर यावी. कड तिरप्या धाग्यावर येत असल्यामुळे ताणली जाते. म्हणून तिच्या शिलाईत अरुंद सुती फीत बसवावी. प्रथम मांजरपाटाचा नमुना शिवून तपासणे इष्ट.

बोनिंग : कमरेस आतून न ताणणारी, हुकाने बंद होणारी पट्टी लावावी. तिच्यावर टेकलेले बोनिंग कड वर उचलून धरते. ते अस्तराच्या थरात, प्रत्येक उभ्या शिलाईवर असावे व दोन्ही टोकांस शिलाईपासून सुमारे अर्धा सें.मी. आखूड ठेवावे, अन्यथा ते कापड फाडून बाहेर येते. प्लास्टिकचे बोनिंग शरीराच्या उष्णतेने वाकते; जड गाऊनसाठी पोलादी सर्पिल बोनिंग अधिक योग्य.

ग्रिप इलॅस्टिक : सिलिकॉनची बाजू त्वचेकडे ठेवून ते केवळ अस्तरास जोडावे व कडेइतकेच लांब घ्यावे. त्याचे कार्य घसरण रोखण्याचे आहे, भार उचलण्याचे नाही. खाडीकाठच्या दमट हवेत घाम आल्यावर, तसेच त्वचेवर पावडर वा तेल असल्यास त्याची पकड सुटते. म्हणून ते पुरवणीच समजावे.

दोषनिदान : हात वर करून, बसून व वाकून चाचणी घ्यावी. संपूर्ण बॉडिस सारखी उतरल्यास कमरेची पट्टी सैल आहे. कड उघडी पडल्यास आकार चुकला आहे. छातीखाली आडव्या घड्या आल्यास बोनिंग दुर्बल आहे. कडेवर त्वचा फुगल्यास घट प्रमाणाबाहेर झाली आहे.

निष्कर्ष : कमरेची पट्टी व बोनिंग भार पेलतात, आकार कड जुळवून ठेवतो आणि इलॅस्टिक शेवटची घसरण थांबवते. हाच क्रम दुरुस्तीतही पाळावा.