वजाबाकीवर उभा असलेला संकल

रेडिओवर गणिताचे भाषण म्हणजे फळ्याशिवायचा तास. आकृती दाखवता येत नाही आणि समोरच्याच्या कपाळावरची आठीही दिसत नाही. छापील पानावर निदान आकृती काढा असे सांगण्याची सोय आहे. तेव्हा वाचकांनी आधी कागद-पेन्सिल जवळ घ्यावी.

एक आडवी रेघ मारा आणि तिच्यावर sin x / x या फलाचा आलेख काढा. x शून्याजवळ असता फलाची किंमत १ असते. तिथून आलेख उतरत जातो आणि π पाशी, म्हणजे ३.१४ च्या सुमारास, आडव्या रेघेला छेदतो. मग रेघेखाली एक खळगा, २π पाशी पुन्हा वर, ३π पाशी पुन्हा खाली. अशी कमान, खळगा, कमान, खळगा ही रांग कधी संपत नाही. प्रत्येक वेळी उंची तेवढी कमी होते, कारण छेदातला x वाढत असतो. रेघेवरचे क्षेत्रफळ जमा आणि रेघेखालचे खर्ची धरायचे, आणि शून्यापासून अनंतापर्यंत हिशेब करायचा. शिल्लक काय राहील?

पहिल्या कमानीचे क्षेत्रफळ भरते १.८५१९. त्यापुढच्या खळग्याचे ०.४३३८, मग कमान ०.२५६६, खळगा ०.१८२६, कमान ०.१४१८, खळगा ०.११५९. आता जमाखर्च मांडत चला. शिल्लक प्रथम १.८५१९, मग १.४१८२, मग १.६७४८, १.४९२२, १.६३४०, १.५१८०. घड्याळाच्या लंबकाचा झोका जसा आखडत जातो तसा हा आकडा वरखाली होत एका जागेकडे सरकतो. ती जागा म्हणजे π/2, सुमारे १.५७०८. ही किंमत काढण्याच्या इतक्या रीती आहेत, की इंग्रज गणिती हार्डी यांनी १९०९ मध्ये 'मॅथेमॅटिकल गॅझेट'मध्ये एक लेख लिहून त्या रीतींना परीक्षकासारखे गुण दिले होते. आपल्याला मात्र आज किंमत कशी काढतात यापेक्षा ती मुळात असते कशी, हे पाहायचे आहे. कारण वर्गात घोटाळा होतो तो तिथेच.

घोटाळा दोन बाजूंनी होतो. फल शून्याकडे जाते, म्हणून संकल अभिसारी, असे काही विद्यार्थी लिहितात. 1/x हे फलही शून्याकडे जाते आणि त्याचा संकल एकापासून अनंतापर्यंत घेतला तर बेसुमार वाढतो, तेव्हा हे कारण चालत नाही. दुसरे विद्यार्थी अधिक अभ्यासू असतात. त्यांना तुलनेची कसोटी पाठ असते. sin x कधी १ पेक्षा मोठा होत नाही, म्हणून |sin x| / x हा 1/x पेक्षा लहान. 1/x चा संकल अपसारी. म्हणून आपलाही अपसारी. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी स्वतः फळ्यावर हेच लिहून बसलो होतो. मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "सर, श्रीमंताच्या शेजारचा गरीब श्रीमंत कसा ठरेल?" मी फळा पुसला.

त्याचे म्हणणे बरोबर होते. अनंताहून लहान असणे हा काही पुरावा नव्हे. अपसारी संकलाच्या खाली राहणारा संकल अभिसारी असू शकतो किंवा अपसारीही. तुलनेतून काही निष्पन्न व्हायचे तर एक तर वरची मर्यादा अभिसारी हवी, नाही तर खालची मर्यादा अपसारी हवी. इथे वरची मर्यादा मिळाली, पण ती अपसारी. म्हणजे कसोटीने उत्तर दिलेच नाही.

मग 1/x पेक्षा चांगली, अभिसारी अशी वरची मर्यादा शोधता येईल का? कितीही हुशारी केली तरी येणार नाही. का येणार नाही, हे कमानींवरून दिसते. सगळे खळगे आडव्या रेघेवर उलटे करून ठेवा, म्हणजे sin x च्या जागी |sin x| घ्या. आता खर्च नाहीच, सगळे जमा. नुसत्या साईनच्या एका कमानीचे क्षेत्रफळ बरोबर २ असते. आपल्या n व्या कमानीत x हा nπ पेक्षा मोठा कधी होत नाही, म्हणून छेद जास्तीत जास्त nπ आणि क्षेत्रफळ कमीत कमी 2/(nπ). सर्व कमानी मिळवल्या की बेरीज निदान

(2/π) (1 + 1/2 + 1/3 + 1/4 + …)

इतकी होते. कंसातली माला वाढत वाढत कोणतीही मर्यादा ओलांडते, हे चौदाव्या शतकात निकोल ओरेम या फ्रेंच पंडिताने दाखवून दिले. तिसरे आणि चौथे पद मिळून अर्ध्याहून अधिक, पुढची चार पदे मिळून अर्ध्याहून अधिक, पुढची आठ मिळूनही तसेच. असे अर्धे अर्धे किती वेळा मिळवावे याला अंत नाही.

तेव्हा |sin x| / x चा संकल अपसारी आहे. त्याच्यावर अभिसारी झाकण बसणेच अशक्य. तुलनेची कसोटी चिन्हे पुसून टाकून मगच मोजायला बसते. आणि इथे जे काही टिकले आहे ते चिन्हांमुळेच. अशा संकलाला सशर्त अभिसारी म्हणतात. चिन्हे पुसूनही जो टिकतो तो केवल अभिसारी. लेबेगच्या व्याख्येप्रमाणे संकल अस्तित्वात यायला चिन्हे पुसलेला संकल सांत लागतो, म्हणून त्या व्याख्येत शून्यापासून अनंतापर्यंतचा आपला हा संकल बसतच नाही. आपण एका ठिकाणी थांबून क्षेत्रफळ मोजतो आणि मग ती थांबण्याची जागा दूर दूर नेतो. जे मिळते ते या क्रमाने चालण्याचे फळ आहे.

एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे, नाही तर वाचकाला आकडे फसवतील. उलटे केलेले खळगे धरून पहिल्या सहा कमानींची बेरीज २.९८२७ येते. पुढे कमानींची संख्या दुप्पट केली की बेरजेत जेमतेम ०.४४ ची भर पडते. बेरीज १० व्हायला साडेतीन लाखांहून अधिक कमानी लागतात. नुसते आकडे मांडत बसणारा माणूस केव्हातरी कंटाळून "थांबली बुवा एकदाची" असे म्हणेल, आणि चुकेल. असले अपसरण आकड्यांनी कळत नाही. त्याला खालून लावलेली मर्यादाच हवी.

आता मूळ संकलाकडे परत येऊ. तो अभिसारी आहे हे कमानींवरून पटते: प्रत्येक कमान आधीच्या खळग्याहून लहान, चिन्ह आलटून पालटून, आणि क्षेत्रफळे शून्याकडे जाणारी, लायब्नित्सच्या नावाने ओळखली जाणारी कसोटी लागू पडते. मध्येच, अर्ध्या कमानीत थांबलो तरी बिघडत नाही, कारण ती कमानच लहान झालेली असते. पण मला त्याहून आवडते ती खंडशः संकलनाची वाट, कारण तिच्यात रहस्य उघडे पडते. A पासून B पर्यंत संकल घेऊ. sin x चे संकलन −cos x, आणि 1/x चे विकलन −1/x². म्हणून

∫ (sin x / x) dx = cos A / A − cos B / B − ∫ (cos x / x²) dx

दोन्हीकडच्या संकलांच्या सीमा A आणि B याच आहेत. उजवीकडे पाहा. छेदात x चा वर्ग आला. |cos x| / x² हे 1/x² पेक्षा मोठे नाही आणि 1/x² चा संकल अभिसारी आहे. जी तुलना दारातून हाकलली होती ती आता मागच्या दाराने येऊन काम करून गेली! B अनंताकडे नेला की A च्या पुढची सगळी शेपटी 2/A पेक्षा मोठी असू शकत नाही, हेही याच ओळीतून मिळते.

मग हीच युक्ती |sin x| वर का चालत नाही? तिथे अडते ते एकाच ठिकाणी. sin x चे संकलन केले तर −cos x मिळते आणि ते −१ आणि १ यांच्यामध्ये कोंडलेले राहते; कमानीने वर चढवले, खळग्याने खाली आणले. |sin x| चे संकलन मात्र प्रत्येक कमानीला २ ने वाढत जाते, म्हणजे सरासरीने (2/π) x. ते x² ने भागले की पुन्हा 1/x च समोर उभा! सारा फरक एवढाच आहे.

व्यवहारात संगणकाकडून किंमत काढून घ्यायची असेल तर वरचे समीकरण आणखी एक उपयोगी गोष्ट सांगते. शेपटीतला मुख्य भाग cos A / A आहे. ६π पाशी थांबलो तर चूक ०.०५२८ निघते, जवळजवळ 1/(6π) इतकी. पण अलीकडे ५.५π पाशी, खळग्याच्या ऐन मध्यावर थांबलो तर cos A शून्य असतो आणि चूक ०.००३३ वर येते. कमी अंतर चालून अधिक नेमके उत्तर मिळते.

शेवटी एक सापळा, ज्यात चांगले चांगले पदवीधरही सापडतात. तुलनेच्या कसोटीचे एक सोयीचे रूप आहे: दोन फलांचे गुणोत्तर १ कडे जात असेल तर दोघांचे भवितव्य एकच. ही फले धन असतील तर ते खरे. आता 2 च्या पुढे हे फल घ्या:

(sin x / x) (1 + sin x / log x)

log x वाढतच जातो, म्हणून कंस १ कडे जातो. या फलाचे sin x / x शी गुणोत्तर १ कडे गेले. मग हेही अभिसारी म्हणावे? कंस सोडवून पाहा. पहिला भाग sin x / x, तो ठीक. दुसरा भाग sin² x / (x log x). वर्ग केल्याबरोबर चिन्ह गेले! sin² x म्हणजे (1 − cos 2x)/2. त्यातला cos 2x चा भाग वरच्याच युक्तीने निभावतो, पण उरलेल्या 1/(2x log x) चा संकल ½ log log x प्रमाणे वाढतो आणि कुठेच थांबत नाही. संपूर्ण संकल अपसारी. कंसातली भर दर पावलाला क्षुल्लक होत गेली, पण ती नेहमी जमेच्या बाजूला पडली आणि तिला खोडायला समोर खळगा नव्हता.

ही वाढ किती हळू आहे म्हणाल, तर x हा एकावर शंभर शून्ये इतका होईपर्यंत चाललो तरी या दुसऱ्या भागाची एकूण भर तीनच्या आतच राहते. तिथवर कोणतेही यंत्र जाणार नाही, आणि गेले तरी त्याला शिल्लक स्थिरच दिसेल.